४३ वेळा ‘देवगड हापूस आंबा’

जानेवारी २०२४ मध्ये देवगड तालुक्यातल्या एका बागायतदाराचा फोन आला. घरची कलमं, पाच-सहा वर्षांपासून स्वतःची वेबसाइट, पेट्या थेट पुण्या-मुंबईत पोचवायच्या. साइट त्यांचा पुतण्या सांभाळतो. ‘हापूस कसा ओळखायचा’ यावर एक मोठा लेख त्यांनी एका एजन्सीकडून लिहून घेतला होता आणि तो गूगलवर दिसतच नव्हता. दिसलाच तर कुणी त्यावर टिचकी मारत नव्हतं. “ताई, लेखात सगळं आहे हो,” ते म्हणाले, “पण मलाच वाचवत नाही.”

लेख उघडला आणि त्यांचं म्हणणं पटलं. हा त्यातला दुसरा परिच्छेद, जसा होता तसाच:

“देवगड हापूस आंबा ओळख करताना देवगड हापूस आंबा हा रंगावरून ओळखता येतो. अनेक ग्राहक देवगड हापूस आंबा ऑनलाईन घेताना ओरिजनल देवगड हापूस आंबा मिळतो का याची चिंता करतात. म्हणूनच देवगड हापूस आंबा ओळख महत्त्वाची आहे.”

तीन वाक्यांत पाच वेळा तेच तीन शब्द. ब्राउझरमध्ये शोधून मोजलं, तर अकराशे शब्दांच्या लेखात ते ४३ वेळा होते. पण मला आकड्यापेक्षा दुसरीच गोष्ट खटकली. या ४३ पैकी एकाही ठिकाणी आंब्याला विभक्तीचा प्रत्यय नव्हता. ‘आंब्याचा’ नाही, ‘आंब्याला’ नाही, ‘आंबे’ नाही. सगळीकडे तो ‘आंबा’च. मराठी माणूस आंब्याबद्दल अकराशे शब्द लिहील आणि एकदाही ‘आंब्याचा’ म्हणणार नाही, हे शक्यच नाही.

कारण पुतण्याने सांगितलं. साइटवर एक प्लगिन आहे. लेखाचा मुख्य शब्दसमूह त्यात भरायचा, मग ते लेखात तो शब्दसमूह किती वेळा आला हे मोजतं आणि पुरेसा आला की हिरवा ठिपका दाखवतं. हे प्लगिन अक्षरांची साखळी जुळवून पाहतं. ‘देवगड हापूस आंबा’ दिला की त्याला तंतोतंत तेच हवं असतं. ‘देवगडच्या हापूसचा वास’ त्याच्या लेखी शून्य. इंग्रजीत शब्द फारसा बदलत नाही, त्यामुळे तिथे हा हिशेब निदान चालून तरी जातो. मराठीत ‘आंबा’ला प्रत्यय लागला की मूळ शब्दच ‘आंब्या’ होतो. मग ठिपका हिरवा करण्यासाठी लिहिणारा वाक्यंच अशी वाकवतो की शब्दाला प्रत्यय लागायची वेळच येऊ नये. ‘देवगड हापूस आंबा ओळख करताना’ हे मराठी वाक्य नव्हे, ते ठिपक्याला वाहिलेलं फूल आहे.

आणि तो ठिपका गूगलचा नाही, प्लगिन बनवणाऱ्यांचा आहे. शब्द अमुक टक्के आला पाहिजे असं गूगलने कुठेही सांगितलेलं नाही. उलट त्यांच्या स्पॅम-धोरणात कीवर्ड ठासून भरणं हे नाव घेऊन दिलेलं आहे. म्हणजे हिरवा ठिपका आणि गूगलचं धोरण इथे सरळ एकमेकांच्या विरोधात उभे होते.

आधी सर्च कन्सोल

लेखाला हात लावण्याआधी सर्च कन्सोल उघडलं, म्हणजे आपली साइट शोधात कुठे, किती दिसते हे मालकाला दाखवणारं गूगलचं साधन. परफॉर्मन्सच्या अहवालात फक्त या एका पानाची गाळणी लावली आणि खाली ‘क्वेरीज’ पाहिल्या, म्हणजे काय शोधणाऱ्यांना हे पान दाखवलं गेलं ते. एक गोष्ट लक्षात ठेवायची: फार कमी लोकांनी टाइप केलेले शोध गूगल गोपनीयतेसाठी या यादीत दाखवत नाही, त्यामुळे यादीतल्या शोधांची बेरीज वरच्या एकूण आकड्याशी जुळत नाही. लहान साइटवर ही तफावत चांगलीच जाणवते. तरी जे दिसतं त्यातून दिशा कळते.

इथे शोध सरळ दोन गटांत पडत होते. एक गट ओळखणाऱ्यांचा: `devgad hapus kasa olkhava`, `हापूस आंबा कसा ओळखावा`, `कर्नाटक हापूस आणि देवगड हापूस फरक`. दुसरा गट घेणाऱ्यांचा: `देवगड हापूस आंबा ऑनलाईन`, `devgad hapus price`. दुसऱ्या गटासाठी साइटवर विक्रीचं वेगळं पान होतं, पेटीच्या मापासकट आणि भावासकट. पण शोधात ते पान येत नव्हतं, हा लेख येत होता, कारण लेखातही ‘ऑनलाईन’ आणि ‘बेस्ट’ ठासून भरलं होतं. गूगलपुढे एकाच मालकाची दोन पानं एकाच शोधासाठी उभी होती आणि त्यातलं चुकीचं पुढे जात होतं. पेटी घ्यायला आलेला माणूस लेखावर पडायचा, भाव दिसायचा नाही, परत जायचा.

पहिल्या गटाची गोष्ट वेगळी. लोकांना कर्नाटकचा हापूस आणि देवगडचा हापूस यांतला फरक हवा होता. लेखात त्यावर एकच ओळ होती, तीही आठव्या परिच्छेदात.

त्यामुळे ठरलं असं, की हा लेख ओळखण्यापुरताच ठेवायचा. विकत घेण्याचं सगळं इथून काढायचं आणि शेवटी विक्रीच्या पानाचा एक दुवा द्यायचा. पुतण्या धास्तावला. “ऑनलाईनवर येणाऱ्या इम्प्रेशन्स जातील की!” जातील, म्हटलं. इम्प्रेशन म्हणजे कुणाच्या तरी पडद्यावर आपलं नाव उमटलं, एवढंच. त्यातून पेटी जात नसेल तर गेलेली बरी.

शीर्षक

पानाच्या कोडमध्ये हे होतं:

```html
<title>देवगड हापूस आंबा | ओरिजनल देवगड हापूस
आंबा ओळख | देवगड हापूस आंबा ऑनलाईन |
बेस्ट देवगड हापूस आंबा २०२२</title>
```

वर्ष उलटून दुसरं लागलं तरी शीर्षकात २०२२ तसंच. पण गंमत पुढे आहे. गूगलवर शोधून पाहिलं, तर हे शीर्षक तिथे दिसतच नव्हतं. त्याऐवजी बागेचं नाव आणि पुढे ‘देवगड हापूस आंबा’ असं काहीतरी गूगलने स्वतःच जुळवून दाखवलं होतं. ऑगस्ट २०२१ पासून गूगलने शीर्षक जुळवण्याची पद्धत बदलली आहे. टायटल फार लांब असेल, तेच शब्द पुन्हा पुन्हा असतील, किंवा पानात जे आहे त्याच्याशी त्याचा मेळ नसेल, तर गूगल ते बाजूला ठेवतं आणि पानावरचं मुख्य मथळ्याचं वाक्य किंवा दुसरा मजकूर उचलतं. म्हणजे आपण लिहिलेलं टायटल शोधात दिसत नसेल, तर आधी तेच नीट वाचून पाहायचं. बहुतेकदा दोष तिथेच सापडतो.

नवं टायटल असं केलं:

```html
<title>देवगड हापूस कसा ओळखायचा? वास, साल,
देठ आणि कर्नाटकी हापूसशी फरक</title>
```

यातही पुतण्याच्या प्लगिनने लाल ठिपका दाखवला, लांबी जास्त म्हणून. इथे मराठीत एक फसगत होते. ही साधनं अक्षरं मोजतात आणि मात्रा, अनुस्वार, उकार हेही त्यांना स्वतंत्र अक्षरं वाटतात. ‘हापूस’ आपल्याला तीन अक्षरं दिसतात, संगणकाच्या लेखी ती पाच आहेत: ह, काना, प, ऊकार, स. गूगल मात्र शीर्षक कापतं ते अक्षरं मोजून नाही, पडद्यावर जागा किती लागते ते पाहून. ऊकार खाली बसतो, मात्रा वर बसते, त्यांना आडवी जागा लागत नाही. कान्याला लागते. त्यामुळे ‘साठ अक्षरांच्या आत’ हा इंग्रजीसाठी बांधलेला ठोकताळा मराठीला तसाच लावता येत नाही. मी करते ते साधं आहे. जे कळायलाच हवं ते पहिल्या चार-पाच शब्दांत आणायचं आणि शेपूट कापलं गेलं तरी चालेल असं ठेवायचं. वरच्या टायटलमध्ये प्रश्नचिन्हापर्यंत वाचलं तरी पान कशाबद्दल आहे ते कळतं. मोबाइलवर शेवटचे एक-दोन शब्द गेले तर गेले.

‘ओळखावा’ की ‘ओळखायचा’ यावर आमचा बराच खल झाला. लोक जास्त करून ‘ओळखावा’ टाइप करत होते, तर बागायतदारांच्या तोंडी ‘ओळखायचा’ होतं. एवढ्या फरकाने गूगल गोंधळत नाही, अर्थ तोच आहे हे त्याला कळतं. लेखाचा सूर बोलीचा असल्यामुळे ‘ओळखायचा’ ठेवलं.

पानाचा वेब-पत्ता मात्र तसाच राहू दिला. तो `devgad-hapus-amba-online-best-original` असा होता. वाईटच आहे. पण जुन्या पत्त्यावर व्हॉट्सॲपच्या गटांतून दुवे फिरत होते, आणि पत्त्यातल्या शब्दांचं वजन गूगलच्या लेखी नगण्य असतं. बदलायचा तर जुन्यावरून नव्याकडे कायमचं वळण, म्हणजे ३०१, लावावं लागतं. ते विसरलं तर जुने दुवे तुटतात. फायदा चिमूटभर आणि धोका मूठभर, म्हणून हात लावला नाही.

मथळे, आणि माझी चूक

लेखात मथळे होते, पण नुसते दिसायला. लिहिणाऱ्याने परिच्छेदातली ओळ ठळक करून अक्षर मोठं केलं होतं, मथळ्याचा टॅग लावला नव्हता. आणि खरा `<h1>` थीमने बागेच्या लोगोला दिला होता. म्हणजे साइटवरच्या प्रत्येक पानाचा मुख्य मथळा एकच, बागेचं नाव. गूगलने शीर्षकाऐवजी बागेचं नाव का उचललं, याचं उत्तर बहुधा इथेच होतं. पुतण्याने थीममध्ये लोगोचा टॅग बदलला आणि लेखाच्या नावाला `<h1>` दिला.

मथळ्यांची उतरंड काटेकोर असली की क्रमांक वाढतो, असं अनेक जण सांगतात. गूगलच्या स्वतःच्या मार्गदर्शकात मात्र क्रमाने फरक पडत नाही असं स्वच्छ लिहिलं आहे. उतरंड नीट ठेवायची ती वाचणाऱ्यासाठी, आणि जे लोक स्क्रीन रीडरवर मथळ्यामथळ्याने उड्या मारत पान ऐकतात त्यांच्यासाठी.

नवे मथळे लिहिताना मी जरा वाहवत गेले. पहिल्या खर्ड्यात ‘घमघमाट’, ‘खांद्यावरची खूण’, ‘शेजारच्या राज्यातला पाहुणा’ असे मथळे होते. मला ते आवडलेही होते. मग फोनवर अंगठ्याने पान भराभर सरकवत नुसते मथळे वाचले. कर्नाटकचा फरक शोधायला आलेल्या माणसाला ‘शेजारच्या राज्यातला पाहुणा’ वाचून काय कळणार? ठासून भरलेला मथळा वाचकाला वीट आणतो, सजवलेला चकवा देतो, आणि दोन्हींत त्याला हवं ते सापडत नाही. शेवटी राहिले ते हे:

```html
<h1>देवगड हापूस कसा ओळखायचा?</h1>
<h2>पेटी उघडल्यावर आधी वास</h2>
<h2>देठ, खांदे आणि साल</h2>
<h2>कर्नाटकचा हापूस वेगळा कसा दिसतो</h2>
<h2>कार्बाइडने पिकवलेला आंबा</h2>
<h2>कापल्यावर साका निघाला तर</h2>
```

यात ‘देवगड हापूस’ एकदाच आहे. पाच मथळ्यांखाली कशाबद्दल बोलणं चाललंय, ते `<h1>` ने आधीच सांगितलंय.

४३ वरून ६ वर

मजकूर दुरुस्त करताना शब्द गाळत बसणं कामाचं नाही, हे मी आधीच्या एक-दोन कामांत शिकले होते. ‘देवगड हापूस आंबा’च्या जागी ‘हा आंबा’ किंवा ‘हे फळ’ घातलं की आकडा खाली येतो, पण वाक्य पोकळच राहतं, कारण त्या वाक्यात त्या तीन शब्दांपलीकडे काही नव्हतंच. वर दिलेला परिच्छेद पुन्हा पाहा. शब्दसमूह काढून टाकला तर उरतं काय? ‘रंगावरून ओळखता येतो’ आणि ‘चिंता करतात’. त्यातलं पहिलं तर अर्धवटच खरं, कारण कार्बाइडने पिकवलेला आंबाही झकास पिवळा दिसतो.

म्हणून बागायतदारांना फोन लावला आणि विचारलं, “दादा, गिऱ्हाईक समोर उभं आहे असं समजा. त्याला काय सांगाल?” अर्धा तास ते बोलले आणि मी लिहून घेतलं. त्या परिच्छेदाच्या जागी हे आलं:

“पेटी उघडली की आधी नाक पुढे करा. आढीत पिकलेल्या हापूसचा वास न हुंगताही येतो. रंग सगळीकडे सारखा नसतो, देठाकडे हिरवट झाक राहते. आंबा पिवळाधमक आहे, पण वास नाही, आणि दाबल्यावर आतून कडक लागतोय, तर तो बाजूला ठेवा.”

इथे ‘हापूसचा’ एकदा, ‘आंबा’ एकदा, देवगड एकदाही नाही. तरी शोधणाऱ्याला हवे असलेले शब्द आपोआप आले आहेत: आढी, वास, रंग, देठ. हापूसबद्दल जाणकार बोलला की हे शब्द येणारच. जुन्या लेखात ‘आढी’ हा शब्द एकदाही नव्हता, ‘साका’ही नव्हता. साका म्हणजे कापल्यावर आतला गर पांढरट, स्पंजासारखा आणि आंबट निघतो तो दोष. वरून तो दिसत नाही. हे लेखात स्पष्ट लिहावं की नाही यावर दादा थोडे कचरले, मग म्हणाले, “लिहा. नाहीतर मलाच फोन येतात.”

‘अल्फान्सो’ची अडचण होती. बरेच लोक त्या नावाने शोधतात, पण मराठी लेखात मध्येच ते घुसडलं तर खुपतं. त्याला एक खरी जागा सापडली. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते ‘अल्फान्सो’ याच नावाने, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी. कर्नाटकच्या हापूसवर लिहिताना हे सांगावंच लागतं, त्यामुळे शब्द तिथे बेमालूम बसला.

लेखाच्या तळाशी पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत एक ओळ दडवलेली सापडली: ‘हापुस, हापूस, hapus, hapoos, devgad aamba’ अशी वीसेक रूपं. वाचकाला न दिसणारा आणि फक्त गूगलसाठी ठेवलेला मजकूर हाही स्पॅम-धोरणात बसतो, म्हणून तो ताबडतोब काढला. एक बारीक गोष्ट: नऊ फोटोंना पर्यायी मजकूर एकच होता, तुम्ही ओळखलाच असेल. त्याऐवजी फोटोत जे दिसतं ते लिहिलं, ‘देठाजवळ हिरवट झाक असलेला पिकता हापूस’ असं. आणि `keywords` नावाच्या मेटा टॅगमध्ये चाळीस शब्द होते. तो टॅग क्रमवारीत वापरत नाही हे गूगलने २००९ मध्येच जाहीर केलंय. काढला नाही तरी बिघडत नव्हतं, काढला.

शेवटी लेख साडेआठशे शब्दांचा झाला आणि ‘देवगड’ व ‘हापूस’ एकत्र येण्याची ठिकाणं सहा उरली. सहा हा आकडा मी ठरवलेला नाही. लिहून झाल्यावर मोजले तेव्हा सहा निघाले. प्लगिनचा ठिपका शेवटपर्यंत लालच राहिला. पुतण्याने तो दिसू नये म्हणून बंद करून टाकला.

हंगामाने घातलेला गोंधळ

जानेवारीच्या शेवटी पान चढवलं, सर्च कन्सोलमध्ये पत्ता तपासून पुन्हा नोंद घेण्याची विनंती केली. आठवड्याभरात नवं शीर्षक शोधात जसंच्या तसं दिसू लागलं. एवढा एक परिणाम खात्रीने आमच्या बदलाचा.

मार्चमध्ये पुतण्याने आनंदाने आलेख पाठवला, सगळं वर जाताना. त्याला म्हटलं, अरे, फेब्रुवारीपेक्षा मार्चमध्ये आंबा शोधणारे वाढणारच. हंगामी मालाची तुलना मागच्या महिन्याशी करायची नाही, मागच्या वर्षीच्या त्याच आठवड्यांशी करायची. सर्च कन्सोल सोळा महिन्यांचा साठा ठेवतं, तेवढ्यात हे जेमतेम बसतं. मागच्या वर्षीचा आकडा पुढच्या वर्षीही हवा असेल तर तो आत्ताच उतरवून ठेवावा लागतो. त्यात त्या वर्षी आणखी एक घोळ होता. गूगलचं मोठं अद्ययावतीकरण ५ मार्चला सुरू झालं आणि १९ एप्रिलला संपलं, नेमक्या पेट्या निघायच्या दिवसांत. त्यामुळे क्रमांकातला किती बदल आमचा आणि किती गूगलचा, हे वेगळं काढता येत नाही. कुणी छातीठोक सांगत असेल तर त्याच्याकडे जरा तिरप्या नजरेनेच पाहावं.

तरी मे महिन्यात मागच्या हंगामाशी ताडून पाहिलं तेव्हा तीन गोष्टी दिसल्या. लेखाच्या एकूण इम्प्रेशन्स कमी झाल्या होत्या, पुतण्याची भीती खरी ठरली. पण ओळखण्याच्या शोधांवर टिचक्या वाढल्या होत्या, विशेषतः कर्नाटकच्या फरकाच्या शोधावर. तिथे लेख दुसऱ्या पानावरून पहिल्यावर आला होता. आणि `देवगड हापूस आंबा ऑनलाईन` या शोधाला आता लेख नाही, विक्रीचं पान येत होतं, अजून बरंच खाली, पण तेच. सरासरी स्थानाच्या आकड्याकडे मी पाहिलंच नाही. जे शोध गळले ते सरासरीतूनही गळतात आणि आकडा आपोआप सुधारल्यासारखा दिसतो.

रोमन लिपीतले शोध फारसे हलले नाहीत. तिथे इंग्रजीतली पानं आणि व्हिडिओ पुढे असतात, मराठी लेखाला त्यांच्यात जागा मिळवणं अवघड जातं.

जूनमध्ये, पाऊस लागल्यावर, दादांचा फोन आला. त्या हंगामात साक्याच्या तक्रारी आल्याच, पण फोन करणारे आता ‘आंबा आतून सडका निघाला’ असं म्हणत नव्हते. ‘साका निघाला, दोन फळांत,’ असं म्हणत होते, आणि कापलेल्या फोडीचा फोटो पाठवत होते.